पाटल्या, सातबारा आणि व्याजाचा दर

महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने जास्तीत जास्त किती व्याज घ्यावे, हे सरकार ठरवून देते. 2014 च्या सावकारी कायद्यानंतर जे दर ठरले, त्यात शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जाला 12 टक्के अशी मर्यादा आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी हेच आकडे 15 आणि 18 आहेत. दोन्हीकडे फरक तीन टक्क्यांचा. बँकेत किंवा पतसंस्थेत गेलात तर फरकाचा आकडा वेगळा असेल, पण त्याची दिशा बहुधा हीच दिसेल: काही गहाण ठेवले की व्याज उतरते, नुसत्या सहीवर पैसे मागितले की चढते.

असे का, म्हणून विचारले तर सगळे एकच उत्तर देतात. तारण असले की पैसे बुडत नाहीत, म्हणून व्याज कमी. हे उत्तर खरे आहे, पण त्याने सगळे उलगडत नाही. तेवढेच कारण असते, तर ज्याच्याकडे सर्वांत महागडी वस्तू त्याला सर्वांत स्वस्त कर्ज मिळायला हवे होते. प्रत्यक्षात दहा एकर बागायतीच्या मालकाला बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि चार तोळ्यांच्या पाटल्या घेऊन आलेली बाई अर्ध्या तासात पैसे घेऊन बाहेर पडते. माझे म्हणणे असे, की तारणामुळे व्याज किती उतरेल हे त्या वस्तूच्या बाजारभावावर फारसे ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. एक, वस्तू किती लवकर आणि किती कमी खटाटोपात विकता येते. आणि दुसरी, जी सहसा कोणी बोलून दाखवत नाही: त्या वस्तूची किंमत घेणाऱ्याच्या लेखी जास्त आहे की देणाऱ्याच्या.

आधी देणाऱ्याचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण पद्धत खरी आहे. एका पतसंस्थेने 100 जणांना प्रत्येकी 1 लाख रुपये वर्षभरासाठी दिले. ठेवीदारांना तिला 7 टक्के द्यायचे आहेत आणि शाखा चालवण्याचा खर्च 2 टक्के येतो. म्हणजे वर्षाअखेरीस 1 कोटीचे 1 कोटी 9 लाख व्हायलाच हवेत. नफा तूर्त बाजूला ठेवू. या शंभरातले 5 जण बुडाले. कर्ज विनातारण आहे, त्यामुळे नोटिसा, वसुली अधिकारी, जामीनदाराच्या घरी खेपा असे सगळे करून प्रत्येकाकडून 20 हजार सुटले. पाच जणांचे मिळून 1 लाख. उरलेले 1 कोटी 8 लाख रुपये त्या 95 जणांनी भरायचे, ज्यांचा यात काही दोष नाही. प्रत्येकाच्या वाट्याला 1 लाख 13 हजार 700 च्या आसपास येतात. म्हणजे व्याजाचा दर 13.7 टक्के.

आता तेच शंभर जण सोने ठेवून कर्ज घेतात असे धरा. बुडणारे तितकेच, पाच. पण पाकीट फोडून सोने विकले की मुद्दल, व्याज सगळे वसूल होते. मग 95 जणांवर कोणाचाच भार पडत नाही आणि 9 टक्क्यांत काम भागते. तिसरी शक्यता अशी, की तारण आहे, पण ते जमिनीसारखे किंवा गाळ्यासारखे आहे आणि विकायला तीन वर्षे लागतात. तीन वर्षांनी मिळणाऱ्या 1 लाखाची आजची किंमत, 9 टक्क्यांनी मोजली तर, जेमतेम 77 हजार भरते. हा तोटा 95 जणांवर वाटला की दर 10.7 होतो. वकिलाची फी आणि पडीक मालमत्तेची राखण यात धरलेली नाही. बुडणाऱ्यांची संख्या तिन्ही वेळा तीच होती, तारणाचा बाजारभावही पुरेसा होता. तरी 9, 10.7 आणि 13.7 असे तीन दर निघाले. पहिल्या दोघांतला फरक निव्वळ विक्रीच्या वेळाचा आहे.

हा झाला साधा भाग. यापुढे जे घडते ते अधिक महत्त्वाचे. विनातारण कर्जाचा दर 13.7 आहे हे कळल्यावर शंभरातले सगळे जागच्या जागी राहत नाहीत. ज्याला वेळेवर फेडायचे आहे आणि फेडता येणार आहे, त्याला हा दर बोचतो. तो भावाकडून उसने घेतो, खरेदी पुढे ढकलतो किंवा ठेव मोडतो. ज्याला फेडण्याची खात्री नाही त्याला मात्र दर 13 काय आणि 17 काय, फारसा फरक पडत नाही. चांगले गेले, राहिलेल्यांत बुडणारे पाचाचे आठ झाले, की त्याच हिशेबाने दर 16.7 वर जातो. तो पाहून आणखी काही चांगले जातात. बुडणारे बारा झाले, की दर 21 च्या पुढे. 1981 मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी हेच मांडले. दर एका मर्यादेपलीकडे वाढवला तर देणाऱ्याचे उत्पन्न वाढण्याऐवजी घटते, म्हणून तो दर तिथेच रोखतो आणि उरलेल्यांना सरळ नाही म्हणतो. विनातारण कर्ज नाकारले गेलेला माणूस म्हणतो, ‘मी दोन टक्के जास्त द्यायला तयार होतो, तरी दिले नाही.’ त्याला नकार मिळण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

तारणाने हा पेच सुटतो. समोरचा माणूस फेडणार की नाही हे बँकेला ठाऊक नसते, त्याला स्वतःला मात्र बऱ्यापैकी ठाऊक असते. फेडणारच आहे असा माणूस पाटल्या काउंटरवर ठेवायला कचरत नाही, कारण त्या परत येणार हे त्याला माहीत असते. ज्याच्या मनात शंका आहे तो कचरतो. व्याजदर वाढवून बँकेला जे कळत नव्हते, ते तारण मागताच तिला कळते.

आता तो सोनेतारणाचा काउंटर जवळून पाहू, कारण माझा मुख्य मुद्दा तिथेच नीट दिसतो.

एक बाई 40 ग्रॅमचा हार घेऊन येते. शाखेने नेमलेला सराफ तो आधी नुसता पाहतो, मग काळ्या कसोटीवर एक-दोन ठिकाणी, सहसा कडीजवळ आणि मागच्या बाजूला, घासून त्या रेघेवर ॲसिडचा थेंब सोडतो. रेघ टिकते की फिकी पडते यावरून तो टंच सांगतो. हल्ली सोबतीला यंत्रही असते. मग काटा. ढोबळ वजन 40 ग्रॅम, त्यातून खडे, आतली लाख, दोरा यांची वजावट करून निव्वळ 36 ग्रॅम. इथे बाईचा चेहरा पडतो, कारण खड्यांचे पैसे तिने दुकानात मोजलेले असतात. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मोजायचे ते फक्त सोने. खडे नाहीत, घडणावळ नाही. भावही त्या दिवशीच्या पेढीवरचा नव्हे. त्या शुद्धतेच्या सोन्याचा मागच्या 30 दिवसांचा सरासरी बंद भाव आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला जो कमी तो धरायचा. 22 कॅरेटचा हा भाव ग्रॅमला 9,000 रुपये निघाला असे समजू. हाराची किंमत 3 लाख 24 हजार. त्यावर शाखा 2 लाख 40 हजार देते, म्हणजे किमतीच्या साधारण 74 टक्के.

वर्षाने एकरकमी फेड, दर साडेनऊ टक्के. वर्षाअखेरीस 22,800 रुपये व्याज धरून बाई 2 लाख 62 हजार 800 देणे लागेल. 36 ग्रॅमने भागले तर ग्रॅमला 7,300. म्हणजे वर्षभरात सोने 9,000 वरून 7,300 पर्यंत, साधारण 19 टक्के, उतरले तरी शाखेचे पैसे सुरक्षित. असे उतरणे अशक्य नाही. 2013 मध्ये जागतिक बाजारात डॉलरमधला सोन्याचा भाव वर्षभरात चौथ्या हिश्शाहून अधिक पडला होता. म्हणून तर किमतीइतके कर्ज कोणी देत नाही. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या जूनमध्ये काढलेल्या निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे. एकरकमी फेडीच्या कर्जात ही टक्केवारी व्याजासह होणाऱ्या एकूण देण्यावर मोजायची आहे. ही मधली जागा बँकेची उशी आहे, आणि ती बाईच्या सोन्यातून भरलेली आहे.

आता हाच हिशेब बाईच्या बाजूने करू. हाच पैसा तिने विनातारण, 14 टक्क्यांनी घेतला असता तर वर्षाचे व्याज 33,600 झाले असते. सोने ठेवल्यामुळे 10,800 रुपये वाचले. हे पैसे तिला कशाबद्दल मिळाले?

समजा काही बिनसले आणि हार लिलावात गेला. लिलावाची राखीव किंमत त्या वेळच्या किमतीच्या 90 टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि दोन लिलाव फसले तर 85 पर्यंत उतरता येते, असे हेच निर्देश सांगतात. भाव तोच राहिला आणि हार 90 टक्क्यांना गेला, तर 2 लाख 91 हजार 600 येतील. देणे वजा जाता राहिलेली रक्कम बाईला परत द्यावीच लागते. ती शाखेची नव्हे, हे पुष्कळ कर्जदारांना माहीतच नसते. पण तसाच हार पुन्हा करायचा तर? 36 ग्रॅमचे 3 लाख 24 हजार, 12 टक्के घडणावळ धरली तर आणखी 38,880, त्यावर 3 टक्के जीएसटी. एकूण 3 लाख 74 हजारांच्या घरात. लिलावात आले त्यापेक्षा हे 82 हजारांनी जास्त आहेत. खड्यांचे पैसे मी यात मोजले नाहीत. तो हार सासूने दिला होता की लग्नातला होता, तेही मोजलेले नाही. ते मोजता येत नाही, पण काउंटरवरच्या प्रत्येकाला ते कळते.

या 82 हजारांतले बरेचसे कोणालाच मिळत नाहीत. बँकेला तर काहीच नाही. हार एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ते विरून जातात. म्हणजेच ही वस्तू बँकेच्या लेखी जेवढ्याची आहे त्याहून बाईच्या लेखी कितीतरी जास्तीची आहे. व्याज उतरवण्याचे काम ही तफावत करते. बँकेला हार विकावा लागू नये म्हणून बाई जिवाचे रान करील, आणि ती करील हे बँकेला माहीत असते. मुलीची फी थांबेल, किराणा उधार येईल, पण हार सोडवला जाईल. सोने विकून वसुली होते एवढ्यानेच दर 9 वर येत नाही. सोने विकावे लागतच नाही, शंभरातले पाच बुडायचे ते एक-दोनच बुडतात, हे त्याचे जास्त मोठे कारण आहे. याच कारणाने राहत्या घरावरचे कर्ज सर्वांत स्वस्त असते. गुंतवणुकीला घेतलेला रिकामा फ्लॅट माणूस अडचणीत सोडून देईल, राहते घर सोडणार नाही.

म्हणून बाईला मिळालेल्या 10,800 ला मी सूट म्हणत नाही. बुडण्याची जोखीम आधी बँकेकडे होती, ती बाईने आपल्या गळ्यातून काढून दिलेल्या हारावर घेतली, तिचा हा मोबदला. तो पुरेसा आहे की नाही, हे तिच्या परिस्थितीवर ठरते. 82 हजारांचा तोटा पत्करण्यासाठी 10,800 मिळत असतील, तर हार जाण्याची शक्यता साधारण आठात एक इतकी झाली, की वाचलेले व्याज आणि पत्करलेला धोका बरोबरीला येतात. पगार निश्चित असेल, पैसे तीन महिन्यांत येणार हे ठाऊक असेल, तर सोने ठेवणे शहाणपणाचे आहे. पाऊस, बाजारभाव आणि एखादे आजारपण अशा तिन्हींवर फेड अवलंबून असेल, तर नाही. विनातारण कर्ज थकले म्हणून ते माफ होत नाही हे खरेच. सिबिल खराब होते, वसुलीचा तगादा लागतो, दावा होतो. पण तिथे बोलणी करायला जागा असते, मुदत मागता येते. सोन्याच्या बाबतीत बँकेला थांबण्याची गरज नसते, आणि नेमके त्या न थांबण्यासाठीच तिने दर कमी केलेला असतो.

मग काही वित्त कंपन्यांत सोने ठेवूनही 20 टक्के व्याज का पडते, आणि सरकारी नोकराला बँक काहीही न ठेवता 11-12 टक्क्यांनी कर्ज कसे देते? नियम इथे मोडल्यासारखा वाटतो. पहिल्याचे कारण बरेचसे कर्जाच्या आकारात आहे. सराफाची तपासणी, पाकिटाचे सील, तिजोरी, विमा, कागद यांचा खर्च 1,200 रुपये आला असे धरा. 3 लाखांच्या कर्जावर तो 0.4 टक्के, 30 हजारांच्या कर्जावर 4 टक्के आणि तेही कर्ज वर्षभर राहिले तर. तीन महिन्यांत सोडवले तर वर्षाच्या हिशेबाने 16 टक्के. त्यात कंपनी स्वतः बँकांकडून कर्ज काढून हे पैसे देते, म्हणजे तिचा पैसाच महाग. शिवाय काही योजनांत जाहिरातीतला कमी दर दरमहा व्याज भरणाऱ्यालाच लागू असतो. व्याज तुंबले की दर पायरीपायरीने चढतो, आणि ज्याला कर्जाची सर्वांत निकड आहे त्याचेच व्याज तुंबते. दुसऱ्याचे कारण असे, की नोकरदाराचा पगार त्याच बँकेत जमा होतो. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला, पगार हातात पडण्याआधी, वळता होतो. कागदावर ते विनातारण असले तरी प्रत्यक्षात पुढच्या वीस वर्षांचा पगार बँकेच्या नजरेसमोर असतो. ज्याला असा पगार नाही, त्याच्यापुढे खरे विनातारण कर्ज काय असते ते उभे राहते.

नियमाचा खरा मोड आणखी एका ठिकाणी होतो आणि तो आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे. वर म्हटले की वस्तू घेणाऱ्याच्या लेखी जास्त मोलाची असेल तर व्याज उतरते. ती देणाऱ्याच्या लेखी जास्त मोलाची असेल तर? अर्थशास्त्रज्ञ अमित भादुरी यांनी 1977 मध्ये याचे उत्तर मांडले. सावकाराला फेडीपेक्षा जमीनच हवी असेल, आणि ती गहाण घेताना तो तिची किंमत बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी धरत असेल, तर कर्ज थकणे हाच त्याचा फायदा. मग तो व्याज मुद्दाम न परवडणारे ठेवतो. तारण असूनही दर चढतो, किंबहुना तारण आहे म्हणूनच चढतो.

रयतवारीत जमीन प्रत्येक खातेदाराच्या नावावर आली, आणि नवी दिवाणी न्यायालये आल्यावर ती कर्जापोटी विकताही येऊ लागली. त्याआधी सावकाराला वसुलीसाठी पिकावर आणि गावाच्या भिडेवर अवलंबून राहावे लागे. आता त्याच्या हाती हुकूमनामा आला. तारण अधिक पक्के झाले म्हणजे व्याज उतरायला हवे होते. दख्खनच्या शेतकऱ्याच्या अनुभवाला ते आले नाही. जमीन सावकाराच्या नावावर गेली आणि मूळ मालक तिच्यावर कूळ म्हणून राबू लागला, असे घडत गेले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उठाव झाला. तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला तेव्हा लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता, तो खतांवर आणि वह्यांवर होता. गहाणखते जाळली गेली. 1879 मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि न्यायालयांना खताच्या मागे जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आजच्या सावकारी कायद्यातही, सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली स्थावर मालमत्ता पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन परत देववण्याची तरतूद आहे. मला ती अत्यंत आवश्यक वाटते. बँकेला सातबाऱ्यावर स्वतःचे नाव नको असते, तिला पैसे हवे असतात. तारण विकून जास्तीचे पैसे परत करण्याचे बंधन तिच्यावर असते. हे बंधन आणि ही अनिच्छा, दोन्ही असतील तिथेच तारणामुळे व्याज उतरते. कोणी कर्ज देताना गहाणखताऐवजी खरेदीखत करून मागत असेल आणि ‘पैसे फेडले की उलटे खत करून देऊ’ म्हणत असेल, तर त्याला फेड नको, जमीन हवी आहे, असेच समजावे.

शेतजमिनीची अडचण आजही आहे, फक्त दुसऱ्या टोकाची. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारणाचा ताबा घेता येतो. खाते 90 दिवस थकून अनुत्पादक झाले, की 60 दिवसांची नोटीस, मग ताबा, मग विक्रीची नोटीस आणि लिलाव. गृहकर्जामागे हा कायदा उभा असतो. पण शेतजमीन यातून मुद्दाम वगळली आहे. सुप्याचा इतिहास माहीत असणारा कोणीही त्याला चूक म्हणणार नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. जी वस्तू बँकेला सहजासहजी विकता येत नाही, ती सातबाऱ्यावर बोजा चढवून घेतली तरी बँकेच्या हिशेबात तिला फारसे वजन नसते. पीककर्ज शेतकऱ्याला स्वस्त मिळते ते सरकारच्या व्याज सवलतीमुळे. ती सवलत जिथे संपते, पाइपलाइनसाठी, गोठ्यासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, तिथे दहा एकरांचा मालक पुन्हा बायकोच्या पाटल्यांकडे वळतो. जमिनीला विक्रीपासून संरक्षण दिले, पण सोन्याला काहीच नाही, त्यामुळे सगळा भार घरातल्या बायकांच्या अंगावरच्या दागिन्यांवर आला, याची पुरेशी नोंद आपण घेतलेली नाही असे मला वाटते.

यातून बाहेर पडायची एक वाट कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत दिसते. ती 1990 च्या आसपास सुरू झाली आणि इतकी वर्षे होऊनही बऱ्याच गावांत तिचे नाव माहीत नाही. इथे जमीनही ठेवायची नाही आणि सोनेही नाही. काढणी झालेला माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी वर्षाला 6 टक्क्यांनी मिळते. इतका कमी दर सरकारी यंत्रणेच्या निधीशिवाय शक्य नाही, हे आधी सांगायला हवे. पण तारण म्हणून सोयाबीन फार चांगले आहे. ते समितीच्याच गोदामात, तिच्याच कुलपाखाली असते, भाव रोज लागतो, विकायला एक दिवस पुरतो आणि त्यात कोणाचा भावनेचा गुंता नसतो. बुडाले तर माल जातो, घर आणि वावर शाबूत राहते.

एका शेतकऱ्याचे 40 क्विंटल सोयाबीन आहे आणि काढणीच्या गर्दीत भाव 4,200 आहे असे धरू. मालाची किंमत 1 लाख 68 हजार, कर्ज 1 लाख 26 हजार. सहा महिन्यांचे व्याज 3,780, म्हणजे क्विंटलमागे साधारण 95 रुपये. गोदामात नेण्याची हमाली आणि वाहतूक, ओलावा सुकून येणारी घट हे त्यात मिळवा. घट दोन टक्के धरली तरी क्विंटलमागे आणखी 84 रुपये होतात. म्हणजे होळीच्या सुमाराला भाव 4,400 च्या वर गेला तरच माल ठेवल्याचा फायदा. तो 4,300 वरच रेंगाळला तर काढणीला विकलेले बरे होते. हा हिशेब गोदामाच्या दारात, पावती घेण्याआधी, शेतकऱ्याला कोणी करून दाखवत नाही. बाजार समितीच्या सचिवाने तो फळ्यावर रोजच्या भावाशेजारी लिहून ठेवला, तर सोयाबीन ठेवायचे की विकायचे हे शेतकरी स्वतः ठरवील, आणि पेरणीच्या आधी पाटल्या घेऊन शहरात जाणाऱ्या एसटीत बसायची वेळ काही घरांवर तरी येणार नाही.